थर्मामीटर फुटला, पारा झाडून काढला, तरी फरशीवर परत दाणे दिसतात? नेमकं काय करायचं

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. पावसाळा सुरू झाला की तापाचे पेशंट वाढतात, आणि त्याबरोबर एक प्रश्न काउंटरवर हमखास येतो. "थर्मामीटर फुटला होता, सगळं झाडून पुसून घेतलं, पण आज परत चांदीसारखे बारीक दाणे दिसले. आता काय करू?" थर्मामीटर बहुतेक वेळा झटकताना फुटतो. पारा खाली आणायला हात झटकला जातो आणि काचेची नळी पलंगाच्या कडेला लागते. सांगली-मिरजेच्या बऱ्याच घरांत डिजिटल थर्मामीटर आलाय, तरी कपाटात एखादा जुना काचेचा असतोच, आणि डिजिटलचा सेल संपला की तोच बाहेर निघतो.

पारा परत येतो याचा अर्थ तो पहिल्यांदा गेलेलाच नसतो. तो कुठेतरी दडून बसलेला असतो. ती जागा सापडेपर्यंत फरशी कितीही पुसा, दाणे दिसतच राहणार. एक घर उदाहरण म्हणून घेतो, म्हणजे कुठे काय चुकतं ते नीट कळेल.

आमच्या गल्लीतल्या एका वहिनींचं जुनं घर आहे, शहाबादी फरशीचं. मुलाला रात्री ताप होता, थर्मामीटर पलंगावर आपटून फुटला. त्यांनी केरसुणीने काचा आणि पारा गोळा केला, केरभरणीतून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर फिनेलच्या पाण्याने फरशी पुसली. कोणीही हेच करेल. तिसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून तिरकं ऊन आलं आणि पलंगाच्या पायापाशी दाणे चमकले. ते उचलले. मग त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ दोन दाणे दिसले. थर्मामीटर तिकडे कधी नेलेलाही नव्हता. तेव्हा त्या घाबरून दुकानात आल्या.

केरसुणीने नेमकं काय होतं

ताप मोजायच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते एक ग्रॅम पारा असतो. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड आहे, म्हणून अर्धा ग्रॅम म्हणजे दिसायला जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, चारेक मिलिमीटरचा थेंब. हा थेंब अखंड असेल तर उचलणं अगदी सोपं. केरसुणीचा फटका बसला की त्याचे शेकडो तुकडे होतात. एका थेंबाचे हजार सारखे दाणे झाले असं धरा. प्रत्येक दाणा 0.4 मिलिमीटरचा होईल आणि सगळ्यांचं मिळून हवेला उघडं पडणारं पृष्ठ दहापट होईल. पारा साध्या घरगुती तापमानालाही हळूहळू बाष्प होत असतो, त्या बाष्पाला ना वास ना रंग, आणि पृष्ठ जितकं जास्त तितकं बाष्प जास्त. उन्हाळ्यात हे आणखी वाढतं. खोलीचं तापमान 20 अंशांवरून 30 अंशांवर गेलं की पाऱ्याच्या बाष्पाचा दाब दुपटीहून अधिक होतो.

म्हणजे झाडल्याने पारा कमी होत नाही, उलट जास्त उघडा पडतो. शिवाय हे बारीक दाणे केरसुणीच्या काड्यांत अडकतात. वहिनींच्या स्वयंपाकघरात गेलेले दाणे तिथूनच आले होते. रोज सकाळी त्याच केरसुणीने सगळं घर झाडलं जायचं आणि प्रत्येक खोलीत दोन-चार दाणे पडायचे. मी त्यांना केरसुणी जाड पांढऱ्या कागदावर हलकेच टेकवायला सांगितली. कागदावर लगेच चमकणारे ठिपके आले.

तेव्हा पारा परत दिसत असेल तर सगळ्यात आधी केरसुणी, केरभरणी आणि पोछा तपासा. त्यांना पाऱ्याचा स्पर्श झाला असेल तर धुवायचा प्रयत्न करू नका. मोरीत धुतलं की पारा नळीच्या वाकात जाऊन बसतो आणि तिथून निघत नाही. तिन्ही वस्तू जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घराबाहेर ठेवा. व्हॅक्यूम क्लीनर वापरला असेल तर तोही बंद करून बाहेर काढा, कारण तो पारा तापवतो आणि बाष्प थेट खोलीत फुंकतो.

आधी खोली, मग पारा

आत्ताच फुटला असो की आठवडाभरापूर्वी, सुरुवात सारखीच. लहान मुलं, गरोदर बाई आणि मांजर-कुत्रं त्या खोलीतून बाहेर. रांगणाऱ्या बाळाची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची, कारण ते जमिनीलगत श्वास घेतं आणि सापडेल ते तोंडात घालतं. बाहेरच्या बाजूच्या खिडक्या-दारं उघडा, घरात उघडणारं दार लावून घ्या. पंखा आणि एसी बंद. चपला घालून दाण्यांतून चालू नका, तळव्याला चिकटून पारा सगळ्या घरात फिरतो.

आता एक गोष्ट, जी आपल्याकडे हटकून विसरली जाते: अंगठी, पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्र काढून ठेवा. पारा सोन्याला लागला की त्यात मिसळतो आणि सोनं पांढरट पडतं. घासून ते जात नाही. अशी अंगठी सराफाकडे नेली तर पाऱ्याचा स्पर्श झालाय हे आधी सांगा, आणि भट्टीवर किंवा फुंकणीवर तापवून "पारा उडवून" घेऊ नका. तो उडालेला पारा तापवणाऱ्याच्या छातीत जातो. विटा-खानापूर भागातल्या ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सोन्याच्या गलाईचं काम आहे, त्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांनी घरच्या गॅसवर हा उद्योग करू नये. ॲल्युमिनियमचं भांडं किंवा फॉइलही पाऱ्यासाठी वापरायचं नाही, पारा त्यालाही खातो.

लागणारं सामान घरात आणि शेजारच्या मेडिकलमध्ये मिळतं: रबरी हातमोजे, सुई काढलेली 5 मिलीची सिरिंज किंवा ड्रॉपर, लग्नपत्रिकेसारखे दोन जाड कागद, रुंद चिकटपट्टी, बॅटरी, आणि घट्ट झाकणाची जाड प्लॅस्टिकची औषधाची रिकामी बाटली. बाटलीत दोन बोटं पाणी घालून ठेवा. पारा तळाला बसतो, वर पाणी राहिलं की बाष्प अडतं.

काचा आधी उचला, हाताने, मोजे घालून. मोठे तुकडे कागदात गुंडाळून पिशवीत. मग खोलीत शक्य तेवढा अंधार करा आणि बॅटरी जमिनीला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाका. वरून टाकलेल्या उजेडात बारीक दाणे दिसत नाहीत, आडव्या उजेडात मात्र प्रत्येक दाणा चमकतो आणि त्याची सावलीही पडते. भिंतीपर्यंत बघा. कमरेच्या उंचीवरून पडलेला पारा मीटर-दोन मीटर सहज उडतो.

दाणे जाड कागदाच्या कडेने सावकाश एकमेकांकडे सरकवा. दोन दाणे टेकले की ते एकत्र होतात, आणि मोठा झालेला थेंब सिरिंजने ओढायला सोपा जातो. बाहेरून आत, म्हणजे कडेकडून मधे काम करा. सिरिंजचं तोंड हळूहळू बाटलीतल्या पाण्यात रिकामं करा. जे दाणे सिरिंजला येत नाहीत त्यांवर चिकटपट्टी अलगद टेकवून उचला. ओढत नेऊ नका, ओढली की दाणे पुढे ढकलले जातात. वापरलेली पट्टी, कागद, मोजे, सिरिंज सगळं त्याच कचऱ्याच्या पिशवीत जाईल.

फरशीची फट आणि गादी

वहिनींच्या घरात केरसुणीनंतरची दुसरी जागा सापडली ती पलंगाच्या पायाखालची फट. शहाबादी फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट वर्षानुवर्षांत झिजतं आणि तिथे दोन-तीन मिलिमीटरची खाच तयार होते. पारा जड, तो वाहत जाऊन तिथेच थांबतो. वरून पुसलं की फडकं खाचेवरून निघून जातं. पलंगावर कोणी बसलं-उठलं, फरशी किंचित हलली की एखादा दाणा वर येतो. त्यांच्या घरी दर एक-दोन दिवसांनी दाणे दिसण्याचं हे खरं कारण.

फटीसाठी जाड कागदाची दुमडलेली धार खाचेत घालून सगळे दाणे एका टोकाकडे आणायचे आणि तिथे सिरिंज लावायची. घाई केली तर ते परत विखुरतात. इथे निवांत अर्धा तास द्यावा लागतो. आडव्या उजेडात खाच स्वच्छ दिसली की मग गंधक.

गंधकाची पूड तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात शोधावी लागत नाही. द्राक्षबागेत भुरीसाठी धुरळणी करतात तीच बारीक पूड कृषी सेवा केंद्रात मिळते. गंधक आणि पारा मिळून पाऱ्याचा सल्फाइड होतो, त्याचं बाष्प होत नाही. पण लोकांची यात मोठी गैरसमजूत आहे. गंधक टाकलं म्हणजे पारा संपला असं होत नाही. घरच्या तापमानाला ही क्रिया फार सावकाश होते, आणि दाण्यावर बाहेरून सल्फाइडचा थर बसला की आतला पारा तसाच राहतो. त्यात पिवळ्या पुडीखाली दाणे झाकले जातात, मग बॅटरीनेही दिसत नाहीत. म्हणून गंधक शेवटी, आणि फक्त फटीत उरलेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांसाठी. नाकातोंडावर रुमाल बांधून चिमूट-चिमूट खाचेत भरा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी ओल्या कागदाने टिपून घ्या आणि कागद पिशवीत टाका. जवळ देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटतं नको. गंधक पेट घेतं आणि त्याचा धूर छातीला फार वाईट.

त्यानंतर सांधा पांढऱ्या सिमेंटने भरून टाका. खोल कुठे अंश राहिला असलाच तर तो बंद होतो, आणि पुढच्या वेळी काहीही सांडलं तरी जायला जागा उरत नाही. वहिनींनी पलंगाभोवतीचे सगळे सांधे भरून घेतले. सारवलेली जमीन असेल तर थेंब पडला त्या जागेची वरची माती खुरप्याने बोटभर खरवडून पिशवीत घाला आणि नंतर नव्याने सारवा. मातीतून पारा वेचत बसू नका.

गादी, सतरंजी, गोधडी यांचं मात्र ऐकायला कडू वाटेल असं उत्तर आहे. ज्या कापडात दाणे शिरले ते वाचवता येत नाही. झटकलं तर दाणे उडतात, वॉशिंग मशीनमध्ये टाकलं तर मशीनच खराब होते आणि पुढचे सगळे कपडे त्यातून जातात. कापसाच्या गादीवर पारा पडला असेल तर आधी वरचे दाणे चिकटपट्टीने उचला, मग तेवढा खोळीचा आणि कापसाचा भाग कात्रीने कापून पिशवीत घाला. सगळी गादी टाकायची गरज बहुधा पडत नाही. नुसतेच खोलीत असलेले, दाणा न लागलेले कपडे बाहेर वाऱ्यावर टाकले तरी पुरे.

सगळं झाल्यावर खिडक्या निदान 24 तास उघड्या ठेवा. पारा उचलून झाल्यावर खिडकीकडे तोंड करून टेबल फॅन लावला तर हवा लवकर बदलते. काम झालं की नाही हे कसं ओळखायचं? त्या रात्री आणि पुढच्या दोन-तीन रात्री अंधारात आडव्या उजेडात तीच जागा परत बघा. त्यात एकही दाणा दिसला नाही तर मुलांना त्या खोलीत झोपवा. एखादा दिसला तर जवळच कुठली तरी फट, पलंगाच्या पायाचं रबरी बूच किंवा भिंतीकडेची पट्टी राहिलीय असं समजा आणि तिथे बघा.

मुलाने पारा गिळला असेल तर घाबरून उलटी काढू नका. पोटातून द्रवरूप पारा जवळजवळ शोषला जात नाही, तो शौचावाटे निघून जातो. भीती फुटलेल्या काचेची असते, म्हणून तोंड तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. फुटल्यानंतर काही तासांत कोणाला खोकला, छातीत जखडल्यासारखं, ताप, मळमळ असं सुरू झालं तर मात्र थांबू नका, विशेषतः कोणी पारा गॅसजवळ सांडला असेल किंवा गरम केला असेल तर. दिल्लीच्या एम्समधलं विषबाधा माहिती केंद्र 1800 116 117 या टोल फ्री नंबरवर सल्ला देतं.

ट्यूबलाइट किंवा सीएफएल फुटला तर

इथे दाणे शोधू नका, सापडणार नाहीत. सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो, थर्मामीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. जुन्या चार फुटी ट्यूबमध्ये त्याहून थोडा जास्त. पण तो बाष्प होऊन आणि आतल्या पांढऱ्या पुडीला चिकटून असतो, म्हणजे फुटल्याबरोबर थोडा हवेत येतो. म्हणून थर्मामीटरला जिथे लगेच वेचायला बसायचं, तिथे इथे आधी बाहेर पडायचं. पंखा बंद, खिडक्या उघड्या, सगळे बाहेर, पाच-दहा मिनिटं थांबा. मग जाड कागदाने काचा आणि पूड गोळा करा, राहिलेली पूड चिकटपट्टीने उचला आणि शेवटी ओल्या कागदाने जागा पुसून तो कागदही त्याच पिशवीत टाका. केरसुणी इथेही नाही. खोली काही तास मोकळी हवेशीर ठेवा. पांघरुणावर फुटला असेल तर ते कापड टाकूनच द्या, पूड धाग्यात बसते. एलईडी बल्ब किंवा जुन्या पिवळ्या तारेच्या बल्बमध्ये पारा नसतो, तिथे फक्त काचेपासून जपा. थर्मामीटरमधली रेघ लाल किंवा निळी असेल तर तोही पाऱ्याचा नाही, रंगीत स्पिरिटचा आहे.

पिशवी कुठे द्यायची

बाटलीचं झाकण घट्ट लावून वर चिकटपट्टी गुंडाळा. पिशवी दुहेरी करा. दोन्हींवर मार्करने ठळक लिहा: "पारा आहे, उघडू नये." देईपर्यंत हे गॅलरीत किंवा मागच्या पडवीत सावलीत, मुलांच्या हाताला न लागेल असं ठेवा. स्वयंपाकघरात किंवा देवघरात नको.

घंटागाडीच्या ओल्या-सुक्या डब्यात हे टाकायचं नाही. पिशवी फुटली की गाडीवरच्या माणसाच्या अंगावर जातं, आणि कचरा कुठे पेटला तर सगळा पारा एकदम हवेत. घरामागे कचरा जाळायची सवय असेल तर यातली चिकटपट्टीसुद्धा त्यात जाऊ देऊ नका. मोरी, संडास, गटार हेही नाही. सांगलीत गटाराचं पाणी शेवटी कृष्णेकडेच जातं.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, सीएफएल आणि ट्यूबलाइट यांची नावं घेऊन त्यांना घरगुती घातक कचरा ठरवलं, आणि असा कचरा जमा करायला केंद्र उघडण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. दर 20 चौरस किलोमीटरला एक केंद्र, असं त्यात लिहिलं होतं. म्हणून सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या किंवा सातारा नगरपालिकेच्या आरोग्य विभागात फोन करून सरळ विचारा, "घरगुती घातक कचऱ्यात थर्मामीटरचा पारा आहे, कुठे आणून देऊ?" नुसतं "काचेचा कचरा" म्हणालात तर घंटागाडीत टाका असंच उत्तर मिळेल. तिथे दाद लागली नाही तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं उपप्रादेशिक कार्यालय सांगलीतही आहे आणि साताऱ्यातही, तिथे विचारा. गावात राहत असाल तर तालुक्याच्या गावी जाताना पिशवी नेता येते. बंद बाटलीतला पारा पाण्याखाली महिनाभर राहिला तरी बिघडत नाही, तेव्हा घाईने चुकीच्या ठिकाणी टाकण्यापेक्षा थांबलेलं बरं.

मिरजेत मोठी इस्पितळं आहेत. त्यांच्याकडे स्वतःच्या पाऱ्याच्या कचऱ्याची व्यवस्था असते, त्यामुळे ओळखीचे डॉक्टर किंवा स्टोअरचे लोक घरची बाटली घेतात का हे विचारून पाहायला हरकत नाही. नाही म्हणाले तर आग्रह धरू नका. ट्यूब आणि सीएफएल मात्र ई-कचऱ्यातही मोडतात, म्हणून ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे देता येतात. न फुटलेल्या जुन्या ट्यूब त्यांच्या मूळ खोक्यात किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून आडव्या ठेवा आणि त्याच फेरीत नेऊन द्या. कपाटामागे उभ्या ठेवलेल्या ट्यूबच दिवाळीच्या साफसफाईत फुटतात.